पत्त्यातली पुरणपोळी

‘घरच्या घरी पुरणपोळी कशी करावी’ असं शीर्षक देऊन एखादीने वर्डप्रेसवर लेख टाकला, की त्या शीर्षकावरून लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, आपोआप तयार होतो. तो असा दिसतो:

```
घरच्या-घरी-पुरणपोळी-कशी-क
```

‘करावी’मधला फक्त ‘क’ उरला. असं का होतं?

वेबपत्त्यात खऱ्या अर्थाने चालतात ती फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. देवनागरी अक्षर पाठवायचं तर आधी त्याचे बाइट करावे लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन खुणा जोडून लिहावा लागतो. एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे पत्त्यातल्या नऊ जागा. मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही सगळी इथे स्वतंत्र चिन्हं ठरतात. नुसता ‘पु’ असा होतो:

```
%E0%A4%AA%E0%A5%81
```

‘पुरणपोळी’त अशी आठ चिन्हं आहेत, म्हणजे ७२ जागा. वर्डप्रेस स्लगला एकूण २०० जागा देतं. इंग्रजी शीर्षकाला त्या भरपूर होतात. मराठीत मात्र जेमतेम २२ चिन्हं मावतात. वरच्या शीर्षकात ‘क’पर्यंत १९३ जागा भरल्या आणि पुढच्या ‘र’ला नऊ जागा उरल्या नाहीत.

म्हणून स्लग हाताने लिहावा. लेख प्रसिद्ध करण्याआधी त्या चौकटीत ‘पुरणपोळी-कृती’ एवढंच ठेवलं तर १०९ जागांत काम भागतं आणि वाचणाऱ्यालाही लेख कशाचा ते कळतं. ‘कशी’, ‘घरच्या’ यांसारखे शब्द शीर्षकात शोभतात, पत्त्यात ते नुसती जागा अडवतात.

दुवा पाठवताना वेगळा प्रश्न येतो. ब्राउझरच्या पट्टीत मराठी दिसतं, पण तिथून कॉपी केलं की बहुधा टक्क्यांची लांबलचक माळ हाती येते. दिसायला ओबडधोबड असली तरी ती बरोबर असते आणि पाठवायला सुरक्षितही. उलट पत्ता देवनागरीतच टाइप करून पाठवला, तर काही ॲप मात्रेला अक्षर मानत नाहीत आणि दुवा मध्येच तोडतात. निळा रंग ‘पुरणपोळी-कृती’च्या अखेरपर्यंत पोहोचला आहे का, एवढं पाहिलं की हे लगेच लक्षात येतं.

टक्क्यांची माळ पुन्हा एकदा बदलली जाणं हा आणखी एक घोटाळा. तेव्हा टक्क्याचं चिन्हच `%25` होतं. पान सापडत नसेल आणि पत्त्यात `%25E0` दिसत असेल, तर प्रत्येक `%25`च्या जागी `%` घालून पाहावं.

एकदा पसरलेला स्लग बदलण्याची वेळ आलीच, तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. मात्र लेख दुसऱ्या व्यवस्थेवर हलवला, तर ही वळणं नव्याने लावून द्यावी लागतात.