संप, हाल आणि एक्केचाळीस टक्के

‘संपामुळे प्रवाशांचे हाल’ हा मथळा आपण इतक्या वेळा वाचला आहे, की तो आता डोळ्यांना अडकतच नाही. एसटीचा संप असो, रेल्वेचा असो वा बेस्टचा, शब्द तेच. डॉक्टरांच्या संपात फक्त प्रवाशांच्या जागी रुग्ण येतात. यात खोटे काहीच नाही, हाल होतातच. तरीही संपाची कात्रणे जमवताना मला वाटत आले आहे की, वर्तमानपत्र संपाविषयी वाचकाचे मत कसे घडवते, याचे उत्तर या तीन शब्दांत दडलेले आहे.

माध्यमांच्या समाजशास्त्रात या प्रश्नाचे दोन भाग करतात. पहिला भाग अजेंडा सेटिंगचा, म्हणजे लोकांनी कशाविषयी विचार करावा हे ठरण्याचा. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या शंभर मतदारांना विचारले, की तुम्हांला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात? हे मतदार अजून मत न ठरवलेले, मुद्दाम तसेच निवडलेले होते. त्यांनी लावलेला प्रश्नांचा क्रम आणि माध्यमांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. १९७२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि या अभ्यासशाखेचा पाया पडला. अर्थात दोन क्रम जुळले म्हणून कोणी कोणाला घडवले हे सिद्ध होत नाही. संपादकही वाचकांचा कल बघतच असतो. पुढे आयंगार आणि किंडर यांनी बातमीपत्रांत फेरफार करून ती लोकांना दाखवली. ज्या विषयाच्या बातम्या वाढवल्या, तो विषय प्रेक्षकांना अधिक गंभीर वाटू लागला. तेव्हा कुठे कारण आणि परिणाम यांची दिशा स्पष्ट झाली.

दुसरा भाग चौकटीचा, इंग्रजीत ज्याला फ्रेमिंग म्हणतात त्याचा. विषय पानावर आला, पण कोणत्या बाजूने? रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये सांगितले, की चौकट चार कामे करते : अडचण काय ते सांगते, कारण दाखवते, योग्य-अयोग्य ठरवते आणि उपाय सुचवते. आता आपला मथळा पुन्हा वाचा. अडचण काय? हाल. कारण? संप. चूक कोणाची? संप करणाऱ्यांची. उपाय? कामावर परत या. पण संप का झाला हा प्रश्न या वाक्यात विचारताच येत नाही, कारण ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय संपालाच लागून थांबले आहे. ‘पगारावरून एसटी ठप्प’ असे लिहिले तर कारणांची साखळी एक कडी मागे सरकते. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण वाचकाचा राग मात्र दोन वेगळ्या दारांवर जातो.

२०२१-२२चा एसटी संप या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. तो ऐन दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मुख्य मागणी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही. लढाई नावापासूनच सुरू झाली. न्यायालयाने संपाला मनाई केली होती. कर्मचारी म्हणत, आम्ही संपावर नाही, आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांच्या दुखवट्यात आहोत. ‘संप’ म्हटले की प्रश्न कायद्याचा आणि गैरसोयीचा होतो. ‘दुखवटा’ म्हटले की माणसे का गेली, हे विचारावे लागते. शब्द निवडणाऱ्या बातमीदाराला एक बाजू पत्करावीच लागते, त्याची तशी इच्छा असो वा नसो.

याहून बोलका आकड्याचा किस्सा आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने पगारवाढ जाहीर केली आणि ‘४१ टक्के वाढ’ हे शब्द सगळीकडे पोहोचले. आकडा खोटा नव्हता, पण तो पहिल्या दहा वर्षांच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांचा होता. त्यांच्या मूळ वेतनात पाच हजारांची भर पडली आणि एकूण पगार १७,३९५ रुपयांवरून साधारण २४,५९५वर गेला. दहा ते वीस वर्षे झालेल्यांना मूळ वेतनात चार हजार मिळाले. २३,०४०चे २८,८०० झाले, म्हणजे २५ टक्के. वीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना अडीच हजार. ५३,२८० रुपये घेणाऱ्याचे ५६,८८० झाले, म्हणजे जेमतेम पावणेसात टक्के. मथळ्यात यातले काहीही बसू शकले असते. ४१ टक्के वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : एवढे देऊनही हे कामावर का येत नाहीत? शिवाय मागणी विलीनीकरणाची होती. पगारवाढीच्या चौकटीत ती मागणी दिसेनाशी होते आणि उरतो फक्त हट्ट.

हे कोणाचे कारस्थान असते असे मला वाटत नाही. स्थानकावर ताटकळणारे कुटुंब अर्ध्या तासात सापडते, त्याचे छायाचित्र निघते. पगाराच्या चिठ्ठीचे छायाचित्र कोण छापणार? शिवाय बातमीला रोज नवे काही लागते आणि लांबलेल्या संपात रोज नवे घडत नाही. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाख कामगारांचा तो प्रश्न सुटल्यामुळे नव्हे, तर जुना झाल्यामुळे लोकांच्या विषयपत्रिकेवरून उतरला.

हे तपासायचे असेल तर एकाच संपाचा एक महिना आणि दोन वर्तमानपत्रे घ्यावीत. प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारावेत : मथळ्यातला कर्ता कोण, पहिले अवतरण कोणाचे, कारण कितव्या परिच्छेदात येते, आणि उपाय कोणाकडून मागितला आहे. मग दुसऱ्या कोणाकडून त्यांतल्या वीस बातम्या स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात. उत्तरे जुळली नाहीत तर दोष बहुधा आपल्या प्रश्नांत असतो. ते पुरेसे नेमके नसतात. एक मर्यादाही लक्षात ठेवावी. अशा मोजणीतून पानावर काय होते ते कळते, वाचकाच्या मनात काय झाले ते नाही.

कारण वाचक कोरी पाटी नसतो. हॅरल्ड झुकर यांनी १९७८ मध्ये दाखवले, की ज्या प्रश्नाचा आपल्याला रोजच अनुभव येतो, त्यावर माध्यमांचा प्रभाव कमी पडतो. १९९७ साली अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीचे १,८५,००० कर्मचारी पंधरा दिवस संपावर होते. पार्सले अडली, ग्राहक खोळंबले, नेहमीची चौकट तयार होती. पण संघटनेने सुरुवातीपासून एकच मुद्दा लावून धरला, तो अर्धवेळ नोकऱ्यांचा. गॅलपच्या पाहणीत ५५ टक्के लोक कामगारांच्या बाजूचे निघाले आणि कंपनीच्या बाजूचे २७ टक्के. दारावर रोज येणारा पार्सलवाला लोकांच्या ओळखीचा होता आणि अर्धवेळ नोकरी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी करत होते. शेवटी कंपनीने दहा हजार पूर्णवेळ जागा कबूल केल्या.

आपल्याकडे गावातल्या मुक्कामी गाडीचा कंडक्टरही असाच ओळखीचा असतो. ज्या गावात त्याचा पगार ठाऊक आहे, तिथे ‘४१ टक्के’ हा मथळा वेगळा वाचला जातो. जिथे एसटी फक्त बातमीतच भेटते, तिथे मात्र मथळा हाच पुरावा होऊन बसतो.