गिगाहर्ट्झ जास्त, तरी मशीन मागे

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ बाजारात आणला. क्लॉक १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. त्याआधीचा पेंटियम ३ जेमतेम १ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. लॅमिंग्टन रोडवर असेम्बल्ड कॉम्प्युटर घेणाऱ्याला हिशेब सरळ वाटायचा : आकडा दीडपट, म्हणजे मशीनही दीडपट. चाचण्यांचे निकाल आले तेव्हा मात्र रोजच्या ऑफिस-कामाच्या काही प्रोग्राममध्ये नवा चिप जुन्याच्या पुढे फारसा गेला नव्हता, काहींत तर मागे होता. व्हिडिओ आणि थ्री-डी गेम्समध्ये तो छान पळत होता. म्हणजे चिप वाईट नव्हता. चूक होती ती एकाच आकड्यावरून निकाल लावण्यात.

प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे ठोके. २ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २०० कोटी ठोके, ज्यांना सायकल म्हणतात. पण एका सायकलमध्ये काम किती होतं, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. प्रोग्राम चालतो तो सूचनांनी : ही संख्या आण, त्या दोन मिळव, उत्तर मेमरीत ठेव. एका सूचनेमागे सरासरी किती सायकल खर्ची पडतात, त्याला सीपीआय म्हणतात. आणि मूळ काम तेच असलं, तरी ते पुरं करायला एका मशीनला जास्त सूचना लागतात, दुसऱ्याला कमी. हे तीन आकडे हातात आले की वेळ काढणं शाळेतल्या गणिताइतकं सोपं आहे :

वेळ = सूचनांची संख्या × सीपीआय ÷ क्लॉक रेट

आता दोन मशीन घेऊ. आकडे समजण्यापुरते, मी धरलेले. ‘अ’ मशीनचा क्लॉक २ गिगाहर्ट्झ, सीपीआय १.२. ‘ब’चा क्लॉक ३ गिगाहर्ट्झ, सीपीआय २. दोघांवर एकच प्रोग्राम चालवला आणि दोघांनाही १,००० कोटी सूचना लागल्या. ‘अ’च्या सायकल झाल्या १,००० गुणिले १.२, म्हणजे १,२०० कोटी. सेकंदाला २०० कोटी या वेगाने त्याला ६ सेकंद लागले. ‘ब’च्या सायकल २,००० कोटी, सेकंदाला ३०० कोटी धरून वेळ ६.६७ सेकंद. क्लॉक दीडपट असूनही ‘ब’ हरला. त्याचा सीपीआय दीडपटीहून जास्त वाढला होता, म्हणून हरला. सूचना सारख्या असतील तेव्हा एवढंच बघायचं : क्लॉक जितक्या पटीने वाढला, त्याहून सीपीआयची पट मोठी आहे का?

पण सूचना सारख्याच असतील असं कोणी सांगितलं? समजा ‘ब’ची सूचनांची भाषाच वेगळी आहे, किंवा त्याच्यासाठी वापरलेला कंपायलर जास्त हुशार आहे, आणि तेच काम तो ८०० कोटी सूचनांत उरकतो. सीपीआय तोच २, क्लॉक तोच ३. आता सायकल १,६०० कोटी, वेळ ५.३३ सेकंद. निकाल उलटला. ‘ब’ आता सव्वाअकरा नाही, चांगला साडेबारा टक्के वेगवान ठरला, कारण ६ भागिले ५.३३ म्हणजे १.१२५.

इथे आणखी एक जुना सापळा आहे. सेकंदाला किती सूचना पार पडल्या, यावरून मशीनची प्रत ठरवण्याची रीत बराच काळ होती. मिप्स हे त्या मापाचं नाव. आपल्याच उदाहरणात ‘अ’ ६ सेकंदांत १,००० कोटी सूचना संपवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ कोटी. ‘ब’ ५.३३ सेकंदांत ८०० कोटी, म्हणजे १५० कोटी. मिप्सच्या तराजूत ‘अ’ जड, आणि काम मात्र ‘ब’ आधी संपवतो! ज्याला एकाच कामासाठी जास्त सूचना लागतात त्याला हे माप शाबासकी देतं. मला तरी ते निरुपयोगीच वाटतं, निदान वेगळ्या जातीचे प्रोसेसर ताडून बघायला.

पेंटियम ४ कुठे अडला, हे सीपीआयमध्येच दिसतं. क्लॉक वाढवायला इंटेलने सूचनेचं काम बारीक बारीक टप्प्यांत तोडलं. या टप्प्यांच्या रांगेला पाइपलाइन म्हणतात. पेंटियम ३ मध्ये ती साधारण १० टप्प्यांची होती, पेंटियम ४ मध्ये २०. टप्पा लहान, म्हणून ठोका जलद. पण प्रोग्राममध्ये ‘असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशा वाटा सतत फुटतात. उत्तर यायच्या आधीच प्रोसेसर अंदाजाने एक वाट धरतो. अंदाज चुकला की रांगेत घेतलेलं अर्धवट काम टाकून द्यायचं आणि नव्या वाटेने पुन्हा सुरुवात. रांग जितकी लांब, तितक्या सायकल वाया. व्हिडिओच्या सरळ, अंदाज बांधता येण्याजोग्या कामात असे फटके कमी बसतात, ऑफिसच्या कामात जास्त. दोन प्रोग्रामवर दोन निकाल आले त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण मेमरी. मुख्य मेमरीतून माहिती यायला समजा १०० नॅनोसेकंद लागतात. २ गिगाहर्ट्झच्या मशीनला ते २०० सायकल थांबणं; ३ गिगाहर्ट्झच्याला ३००. मेमरीला क्लॉकशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे प्रोसेसर तोच ठेवून नुसता क्लॉक वाढवला, तरी मेमरीची वाट बघत बसणाऱ्या प्रोग्राममध्ये सीपीआयही वाढतो आणि कमाई बरीचशी गिळून टाकतो. म्हणूनच ‘या मशीनचा सीपीआय अमुक’ हे वाक्य अर्धवट आहे. सीपीआय मशीनचा असतो तसाच प्रोग्रामचाही असतो.

इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये यावर व्यापारी तोडगा काढला. १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपचं नाव ठेवलं अॅथलॉन एक्सपी १८००+. क्लॉक नावातून गायबच. इंटेल मात्र २००४ पर्यंत त्याच वाटेने गेला; त्या वर्षीच्या प्रेस्कॉट चिपची पाइपलाइन ३१ टप्प्यांची होती, आणि तो तापायचाही भरपूर. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्याच वर्षी रद्द झाला. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओची पाइपलाइन १४ टप्प्यांची, आणि २.४ गिगाहर्ट्झवर तो ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला बहुतेक चाचण्यांत सहज मागे टाकत होता.

हे आकडे घरी बघायचे असतील आणि मशीनवर लिनक्स असेल, तर एक आज्ञा पुरते :

```
perf stat -e cycles,instructions ./program
```

सायकलच्या आकड्याला सूचनांच्या आकड्याने भागलं की सीपीआय मिळतो. पडद्यावर `insn per cycle` असंही दिसतं. तो सीपीआयचा व्यस्तांक, म्हणजे तिथे मोठा आकडा चांगला. पण नुसत्या त्यावरही भाळू नका. कंपायलरने फालतू सूचना काढून टाकल्या तर हा आकडा कधीकधी घसरतो आणि प्रोग्राम तरीही लवकर संपतो.

दुकानात दोन लॅपटॉप समोर आले तर गिगाहर्ट्झची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या, एकाच आराखड्याच्या चिपपुरती ठेवा. बाकी सगळीकडे रोज वापरता तीच जड फाइल दोन्हींवर उघडून बघा, आणि घड्याळ लावा.