रिकाम्या पोटी कॉफी: जळजळ नेमकी कुठे होते?

संकष्टीला कडक उपवास करणाऱ्यांच्या पोटात चंद्रोदयापर्यंत बहुतेक चहा-कॉफीच जाते. मग "कॉफीने पित्त झालं" हे वाक्य आमच्या सावेडीत हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

कॉफी आंबट असते म्हणून जळजळ होते, असं तुम्हाला वाटत असेल तर आधी आकडे बघा. कॉफीचा पीएच साधारण ५, रिकाम्या जठराचा १ ते २. म्हणजे जठरातला रस कॉफीच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त आम्लधर्मी! कॉफी आम्ल आणत नाही, ती जठराला आम्ल सोडायला लावते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की कडू चव ओळखणारे रिसेप्टर जिभेप्रमाणे जठराच्या आम्ल सोडणाऱ्या पेशींवरही असतात आणि कॅफीन तिथे जाऊन काम करतं. पण दोष एकट्या कॅफीनचा नाही, डिकॅफ कॉफीनेही आम्ल वाढतं. दूध घातलं तर थोडा वेळ आराम पडतो, मात्र दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम नंतर आणखी आम्ल सोडायला लावतात.

मग आधी खाल्लं तर फरक पडतो का? तुम्हाला जळतं कुठे, त्यावर ते ठरतं.

बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखं होत असेल आणि चार घास खाल्ल्यावर बरं वाटत असेल, तर आधी खाण्याचा उपयोग होतो. अन्न आम्लाचा जोर काही काळ कमी करतं. उपवास असेल तर एखादं केळ चालेल.

छातीच्या हाडामागे जळजळ वर चढत असेल, तोंडात आंबट पाणी येत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल पडते, आणि पोट भरलं की ती जास्त वेळा उघडते. आता संकष्टीची रात्र आठवा: नऊ-साडेनऊला चंद्रोदय, मग मोदक, वरण-भात, तूप, आणि लगेच अंथरूण. अशी जळजळ रात्री झाली तर सकाळच्या कॉफीआधी त्या जेवणावर संशय घ्यावा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवून बघा.

अल्सरचं म्हणाल, तर जपानमध्ये ८,००० हून अधिक निरोगी लोकांच्या पाहणीत (२०१३) कॉफीचा अल्सरशी किंवा अन्ननलिकेच्या दाहाशी संबंध आढळला नाही. अल्सरची मुख्य कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. डोकं दुखतं म्हणून उपाशीपोटी कॉफीबरोबर अशी गोळी घेणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

शी काळी होणं, घास अडकणं, उलटीत रक्त किंवा वजन घटणं यांपैकी काही असेल, तर हे प्रयोग घरी करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.