पाटल्या, बोरमाळ आणि एक लाख तीस हजार

२२ एप्रिल २०२५ रोजी दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा आकडा गाठला. त्याच वर्षीच्या दिवाळीत, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तोच भाव एक लाख तीस हजारांच्या वर गेला. छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात त्या दिवसांत दोन प्रकारची माणसे दिसत होती. एक, मुहूर्ताला का होईना, ग्रॅम-दोन ग्रॅम घेणारी. दुसरी, रुमालात किंवा जुन्या डब्यात काही तरी बांधून आणलेली आणि गर्दी ओसरायची वाट पाहणारी. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे.

त्यांच्यातली एक आजी आपण कल्पू. खडकेश्वरच्या बाजूला घर, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, लग्न १९६८चे. नवरा जाऊन बारा वर्षे झाली. डब्यात दोन डाग आहेत. आईने अंगावर घातलेल्या पाटल्यांची जोडी, ती १९५५च्या सुमाराला घडवलेली. आणि सासूबाईंची बोरमाळ. मुलाच्या दुकानावर पाच लाखांचे कर्ज आहे, व्याज चौदा टक्के. टीव्हीवर भाव पाहून मुलगा म्हणतो, "आई, असा भाव पुन्हा येणार नाही. दोन्ही देऊन टाकू." आजी विचारते, "भाव चढला म्हणून द्यायचं, की कर्ज आहे म्हणून?" सगळा निर्णय या प्रश्नावर उभा आहे, कारण भावाचे उत्तर वेगळे आणि कर्जाचे वेगळे निघते.

आजीच्या पिढीचा विकण्याला विरोध का असतो, ते आधी समजून घेतले पाहिजे. मराठवाड्याने १९७२चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव सुमारे दोनशे रुपये होता. डागिने मोडले गेले ते भाव चांगला म्हणून नव्हे, घरात दाणा नव्हता म्हणून. अशा वेळी मागेल त्या किमतीला सोने द्यावे लागते, आणि सुगी आली तरी तेवढेच सोने पुन्हा घेता येत नाही. आजीच्या मनात विक्री आणि अडचण एकत्र बसली आहेत, ती तिच्या अनुभवातून. उलट, चढत्या भावात आणि सवडीने विकायची वेळ या घरावर प्रथमच आली आहे, हे मुलाचे म्हणणेही खरे आहे.

आता डागांकडे वळू. आजी सांगते, "पाटल्या चार तोळ्यांच्या." हे चार तोळे आजच्या दुकानातले नव्हेत. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. दशमान वजने रुजल्यावर बाजाराने दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. १९५५च्या चार तोळ्यांचे ४६.६ ग्रॅम होतात. सत्तर वर्षांत मनगटावर झिजून तराजूवर ४५.८ ग्रॅम भरले, असे धरू. जो कोणी "चार तोळे ना, मग चाळीस ग्रॅम" असे तोंडी बोलून पुढे जाईल, तो जवळजवळ सहा ग्रॅम मागे ठेवतो. म्हणून वजन ग्रॅममध्ये, आपल्या डोळ्यांसमोर, दोर, खडे आणि मळ काढून करायचे.

वजनानंतर कस. जुन्या पद्धतीत सराफ डाग कसोटीच्या दगडावर घासतो, त्याशेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढतो आणि दोन्हींवर आम्ल सोडून कोणती रेघ किती टिकते ते पाहतो. आता बहुतेक ठिकाणी कॅरेट मीटर असते. क्ष-किरणांवर चालणारे हे यंत्र काही क्षणांत टक्केवारी दाखवते. पण ते पाहते फक्त वरचा अतिशय पातळ थर. भरीव पाटलीसाठी तेवढे बरेचसे पुरते, तरीही सांध्यांवरचे डाक वेगळ्या कसाचे असते आणि वितळल्यावर सरासरी खाली येते. सर्वांत भरवशाची चाचणी भट्टीतली. तुकडा कापून शिशाबरोबर तापवतात, हलके धातू निघून जातात, उरलेली चांदी आम्लात विरघळवतात आणि शेवटी राहिलेले शुद्ध सोने तोलतात. दुकानदाराच्या आकड्यावर विश्वास बसत नसेल, तर भारतीय मानक ब्युरोच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात सामान्य माणसालाही आपले दागिने तपासून अहवाल मिळतो. चार डागांपर्यंत त्याचे शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास असते.

इथे लग्नाचे किंवा घडवल्याचे वर्ष फार उपयोगी पडते. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ही अट १९६६मध्ये उठली. त्या तीन-चार वर्षांतला डाग बावीसऐवजी चौदा कॅरेटचा, म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्क्यांचा निघाला, तर सोनाराने फसवले असे लगेच समजू नये. आजीच्या पाटल्या त्याच्या आधीच्या, म्हणून त्या नव्वद टक्क्यांच्या निघाल्या, असे धरू.

४५.८ ग्रॅमचे नव्वद टक्के म्हणजे ४१.२२ ग्रॅम शुद्ध सोने. भाव दहा ग्रॅमला १,३०,००० धरला तर ५,३५,८६० रुपये. सराफाने घट म्हणून दोन टक्के कापले, तर हातात येतील सुमारे ५,२५,०००. वर्तमानपत्रातला भाव चोवीस कॅरेटचा असतो, हे लक्षात ठेवले की या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही. घडणावळ मात्र यात कुठेच मिळत नाही. घेताना दिलेली मजुरी मोडताना परत येत नाही.

बोरमाळेचे गणित निराळे आहे. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ, आणि आकार टिकावा म्हणून लाखेने भरलेले. तराजू लाखही तोलतो. २८ ग्रॅम भरलेली माळ वितळवल्यावर १७ ग्रॅमच उरली, असे सहज होऊ शकते. शिवाय प्रत्येक मण्याच्या सांध्यात डाक आहे. कॅरेट मीटरला आतली लाख दिसत नाही. म्हणून माळेची खरी किंमत कळायला ती मोडावीच लागते, आणि मोडल्यावर "नको, राहू दे" म्हणायची सोय उरत नाही. वितळवण्यापूर्वीचे वजन, नंतरचे वजन आणि लगडीचा कस, हे तीन आकडे लिहून मिळाल्याशिवाय अशी माळ कोणाच्या हाती देऊ नये.

मुलाच्या घाईत आणखी एक गोष्ट राहून गेली: हे डाग कोणाचे? पाटल्यांबद्दल शंकाच नाही. आईने लग्नात दिलेले ते स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५च्या प्रतिभा राणी खटल्यात ते पूर्णपणे स्त्रीचेच असल्याचे म्हटले आहे, आणि १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदाही स्त्रीला संपूर्ण मालकी देतो. मुलगा सुचवू शकतो, ठरवू शकत नाही. बोरमाळेचे तसे नाही. सासूबाईंनी हयातीत स्वतःच्या हाताने आजीच्या गळ्यात घातली असेल, तर ती भेट आणि आजीची. पण त्या गेल्यावर कपाटातून निघाली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर कायद्याने ती त्यांचे मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे समान वाट्याने जाते. सून त्या यादीत नाही. आजीला वाटा मिळतो तो नवऱ्याच्या मागे, त्याच्या हिश्शापुरता. म्हणजे जालन्याला दिलेल्या नणंदेचाही त्या माळेत हक्क आहे. पन्नास वर्षे माळ आपल्याकडे आहे, एवढ्याने तो संपत नाही.

"वन्संना विचारल्याशिवाय मी ती हलवणार नाही," आजी म्हणते. मुलाला हे भावनेचे वाटते. कायदाही तिच्याच बाजूचा आहे.

राहिला कर. वारशाने किंवा भेट म्हणून आलेल्या सोन्यावर मिळताना कर नाही, विकताना भांडवली नफ्यावर आहे. एप्रिल २००१पूर्वीच्या दागिन्यांसाठी १ एप्रिल २००१चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव सव्वाचार हजारांच्या आसपास होता. त्या हिशेबाने पाटल्यांची मूळ किंमत साडेसतरा हजार आणि नफा सुमारे ५,०७,५०० रुपये. २३ जुलै २०२४पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट नाही. वर चार टक्के उपकर.

पण आजीला आणखी एक सवलत मिळते, तिची चर्चा घरात कोणी करत नाही. नव्या कररचनेत चार लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. तिचे बाकीचे करपात्र उत्पन्न १,८०,००० असेल, तर उरलेले २,२०,००० ती या नफ्यातून वजा करू शकते. मग दोन्ही पाटल्या एकदम विकल्या तर कर येतो सुमारे ३७,४००. एक पाटली मार्चच्या शेवटी आणि दुसरी एप्रिलच्या सुरुवातीला विकली, तर आर्थिक वर्षे दोन होतात, सवलत दोनदा मिळते आणि एकूण कर नऊ हजारांच्या आत येतो. बारा लाखांपर्यंत करच नाही हे ऐकून कोणी गाफील राहू नये. ती सूट भांडवली नफ्याला लागू नाही. थांबण्यातला धोकाही खरा आहे. २१ ऑक्टोबर २०२५ला, चढाच्या दुसऱ्याच दिवशी, जागतिक बाजारात सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरले. पाटल्यांच्या किमतीत ती घट सव्वीस हजारांच्या वर जाते. चार दिवस थांबणे एक आणि करासाठी पाच महिने थांबणे दुसरे. एवढ्या काळाचे चौदा टक्के व्याजच वाचणाऱ्या करापेक्षा जास्त होते.

गहाण ठेवण्याचा मार्ग कधी? पैसे काही महिन्यांत परत यायचे असतील तेव्हाच. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत डाग परत मिळाला नाही, तर संस्थेला दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतात. या मुलाचे दुकान मात्र पाच लाख कधी फेडेल सांगता येत नाही. त्याने पाटल्या गहाण ठेवणे म्हणजे एका कर्जावर दुसरे चढवणे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पाटल्या विकाव्यात. त्या भरीव आहेत, निर्विवाद आजीच्या आहेत, आणि त्यांच्या पैशातून, कराची रक्कम बाजूला ठेवूनही, कर्ज जवळजवळ पूर्ण फिटते. वर्षाला सत्तर हजारांच्या आसपासचे व्याज थांबते. बोरमाळ विकू नये. तिची कला वितळताना शून्य होते, हाती येणारे सोने दिसते त्याच्या निम्म्यापेक्षा थोडेच जास्त असते, आणि तिच्यावर दुसऱ्या बाईचा हक्क असू शकतो. पाटल्यांचे पैसे धनादेशाने किंवा थेट आजीच्या खात्यावर घ्यावेत, मुलाच्या नव्हे. दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने चालत नाही. मुलाला द्यायचे ते तिने तिथून द्यावेत.

आणि वाचकांना एक विनंती. घरात आजी असेल तर एकदा तिच्याजवळ बसा आणि प्रत्येक डागापुढे चार गोष्टी वहीत लिहा: कोणी दिला, कधी दिला, हातात दिला की मागे राहिला, आणि आज ग्रॅममध्ये किती भरतो. खाली तिची सही घ्या. सराफ, सीए आणि वकील, तिघांनाही तेवढेच लागते.