वहीत राहिलेलं कलम

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी कौटुंबिक कायद्याच्या पेपरची उजळणी करत बसली आहे. समोर सिनियर ताईच्या नोट्सची झेरॉक्स आहे, आणि ताईलाही त्या तिच्या आधीच्या कुणाकडून मिळालेल्या. ही विद्यार्थिनी कल्पित आहे. तिच्यासमोरचं कलम, त्यावरचे निकाल आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

नोट्समध्ये सरावासाठी एक प्रश्न सोडवून दाखवला आहे. सोलापूरचे एक गृहस्थ २००३ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. मालमत्ता म्हणजे स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर, आणि ते सगळं कुटुंबाच्याच वापरात आहे. मुलीने २००४ मध्ये वाटपाचा दावा लावला आणि तो २००६ मध्ये सुनावणीला आला. तिला घराचं वाटप मिळेल का? नोट्समधलं उत्तर ठाम आहे : ‘नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २३.’

कलमाचे नेमके शब्द पाठ करावेत म्हणून ती बेअर अ‍ॅक्ट उघडते. कलम २२ आहे, कलम २५ही आहे. २३च्या जागी मात्र चौकटी कंसात जुनं शीर्षक आणि पुढे एकच ओळ : २००५ च्या ३९व्या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये वगळले, ९ सप्टेंबर २००५ पासून. खाली २४ही असंच वगळलेलं.

‘‘मग खोडून टाक आणि पुढे चल,’’ खोलीतली मैत्रीण म्हणते.

‘‘खोडते गं, पण वडील २००३ मध्ये गेलेत. तेव्हा हे कलम जिवंत होतं.’’

तिची ही शंका रास्त आहे. कलम आज नाही एवढं कळल्याने प्रश्न सुटत नाही. ते गेलं तेव्हा मधेच अडकलेल्या माणसांचं काय झालं, हे शोधावं लागतं.

त्यासाठी आधी कलम २३ काय म्हणत होतं ते पाहू. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता वारला, त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असले, आणि मालमत्तेत पूर्णपणे कुटुंबाच्याच वापरातलं राहतं घर असलं, तर स्त्री वारसाला त्या घराचं वाटप मागता येत नसे. पुरुष वारस आपसांत वाटप करायचं ठरवतील तेव्हाच तिचा मागणीचा हक्क सुरू होई. तोपर्यंत तिला घरात राहण्याचा हक्क होता. मुलीसाठी त्यालाही अट होती : ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असली पाहिजे. नांदत्या विवाहित मुलीला वाटपही मागता येत नव्हतं आणि राहण्याचा हक्कही नव्हता.

इथली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा निकाल तिच्यावरच उभा आहे. कलम २३ मुलीचा हिस्सा काढून घेत नव्हतं. सोलापूरच्या उदाहरणात वडील गेले त्याच दिवशी पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळाला. घराची किंमत ८० लाख रुपये धरली, तर मुलीच्या वाट्याला २० लाख येतात. हिस्सा तिच्या नावचा होता, तो हातात मागण्याची वाट तेवढी भावांच्या मर्जीने बंद होती.

राहत्या घराचे तुकडे होऊन कुटुंब उघड्यावर येऊ नये, हा या तरतुदीमागचा विचार. पण मुलांनी ठरवलं तर तेच घर ते केव्हाही वाटून घेऊ शकत होते. म्हणजे घर अखंड राहण्याची हमी कलम देत नव्हतंच, ते कधी मोडायचं हे ठरवण्याचा अधिकार फक्त पुरुषांच्या हाती देत होतं. एकच मुलगा असेल तर वाटप करायला दुसरा पुरुष वारसच नाही, मग बहिणींनी किती थांबायचं, असाही पेच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नरसिंहमूर्ती विरुद्ध सुशीलाबाई या खटल्यात एकच पुरुष वारस असला तरी ही आडकाठी लागू होते असं म्हटलं. त्याच निकालाने दुसऱ्या बाजूने मर्यादाही घातली : घर परक्या भाडेकरूला दिलेलं असेल, तर ते कुटुंबाच्या वापरातलं राहतं घर ठरत नाही. २००० साली विधी आयोगाने आपल्या १७४व्या अहवालात हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २००५ मध्ये संसदेने ते वगळलं.

आता विद्यार्थिनीच्या शंकेकडे येऊ. भाऊ न्यायालयात काय म्हणतील? ‘वडील २००३ मध्ये गेले. दावा २००४ चा. तेव्हाच्या कायद्याने आम्हाला वाटप अडवण्याचा हक्क दिला होता, तो नंतरच्या दुरुस्तीने कसा जाईल?’ या युक्तिवादाला आधारही दिसतो. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचं, म्हणजे वकील ज्याला जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट म्हणतात त्याचं, कलम ६ सांगतं की एखादा कायदा निरसित झाला तरी त्याखाली आधीच मिळालेले हक्क, वेगळा हेतू दिसत नसेल तर, शाबूत राहतात. म्हणून जुनं कलम सापडलं की ‘हे कधी गेलं?’ याच्या पाठोपाठ ‘त्याने कुणाला हक्क दिला होता का?’ हेही विचारावं लागतं.

नेमका हाच प्रश्न जी. शेखर विरुद्ध गीता या तामिळनाडूतल्या खटल्यात आला. वडील १९९६ मध्ये मृत्युपत्र सिद्ध न होता वारले होते. मुलींनी वाटप मागितलं आणि मुलाने कलम २३ पुढे केलं. दावा चालू असतानाच २००५ ची दुरुस्ती आली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मुलींच्या बाजूने निकाल दिला. मुलींना हिस्सा वडिलांच्या मृत्यूबरोबरच मिळाला होता. कलम २३ ही त्या हिश्शाच्या अंमलावरची आडकाठी होती, आणि आडकाठी दूर झाल्यावर वाटप मागायला काही अडचण उरली नाही. वाटप अडवून धरण्याची भावाची मुभा हा कायद्याने राखावा असा पक्का हक्क ठरला नाही.

त्यामुळे नोट्समधलं उत्तर २००४ च्या परीक्षेत बरोबर ठरलं असतं, २००६ च्या सुनावणीला ते लागू होत नाही. विद्यार्थिनी ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिते आणि बाजूला निकालाचं नाव टाकते.

मग खात्रीसाठी ती २००५ चा दुरुस्ती कायदाच शोधते, आणि तिथे तिला धक्का बसतो. हा दुरुस्ती कायदासुद्धा २०१५ मध्ये निरसित झाला आहे! २०१५ च्या १७व्या अधिनियमाच्या अनुसूचीत तो अख्खा आहे. ज्या कायद्याने कलम २३ वगळलं तोच गेला, तर कलम २३ परत आलं की काय?

परत आलेलं नाही. दुरुस्ती कायद्याचं काम एकदाच असतं : मूळ कायद्याच्या मजकुरात शब्द घालायचे, बदलायचे किंवा काढायचे. ते ९ सप्टेंबर २००५ रोजी पूर्ण झालं. त्यानंतर तो कायदा विधिपुस्तकात नुसता पडून राहतो, आणि संसद असे काम संपलेले कायदे अधूनमधून एकत्र निरसित करते. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ६-अ यासाठीच आहे : दुरुस्ती करणारा कायदा निरसित झाला, तरी त्याने मूळ मजकुरात केलेला बदल, वेगळा हेतू दिसत नसेल तर, कायम राहतो. शिवाय त्याच अधिनियमाचं कलम ७ सांगतं की निरसित कायद्याला पुन्हा जिवंत करायचं असेल, तर तो हेतू स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. २०१५ च्या अधिनियमात तसं काही नाही. याच कारणाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान स्थान देणारं सुधारित कलम ६ही आज लागू आहे. २०२० मध्ये विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच अर्थ लावला.

वाटप मागता येतं म्हणजे घराच्या खोल्या मोजून चार भाग पडतात असं नाही. न्यायालय आधी प्रत्येकाचा हिस्सा ठरवतं. घर विभागणं व्यवहार्य नसेल, तर १८९३ चा वाटप अधिनियम कामाला येतो. एकूण निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांनी विनंती केली, तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं. आपल्या उदाहरणात मुलीचा एक चतुर्थांश त्याला पुरत नाही. आई तिच्या बाजूने आली, तर दोघींचा मिळून निम्मा होतो. मग मुलांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्या दोघींचा हिस्सा, म्हणजे ८० लाखांच्या हिशोबाने ४० लाख देऊन, विकत घेता येतो आणि घर त्यांच्याकडे राहतं. घर मोडू नये ही जी काळजी कलम २३ मागे होती, तिला असं उत्तर आहे, आणि त्यात मुलीचा हिस्सा गोठवून ठेवावा लागत नाही.

कलम २३ गेल्याने काही गोष्टी मात्र बदलत नाहीत. वडिलांनी स्वकष्टार्जित घर मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला दिलं असेल आणि ते मृत्युपत्र सिद्ध झालं, तर वाटपाचा हा प्रश्न येतच नाही. मुलीने स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तर तिचा हिस्सा तिने सोडलेला असतो. म्हणून ‘वारस नोंदीसाठी फक्त सही लागते’ असं सांगून समोर कागद आला, की त्याचं शीर्षक वाचावं. वारस नोंदीचा अर्ज आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत.

विद्यार्थ्यांनी नोट्समधलं कलम पाठ करण्याआधी अलीकडच्या बेअर अ‍ॅक्टमध्ये किंवा सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर उघडून पाहावं. मजकुरातले चौकटी कंस आणि तारका बदल झाल्याची खूण असतात, आणि तो कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेपासून झाला हे तळटीप सांगते. ती तारीख आपल्या प्रश्नातल्या मृत्यूच्या, दाव्याच्या आणि सुनावणीच्या तारखांशेजारी लिहून मगच उत्तर द्यावं.

आणि ज्या घरांत अजूनही ‘राहत्या घरात मुलीला वाटप मागता येत नाही’ असं सांगितलं जातं, तिथल्या बहिणींनी एवढं लक्षात ठेवावं : तसं म्हणणारं कलम ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यात नाही.