नकार एकदाच, पण स्पष्ट

‘हाय ब्युटिफुल, जेवलीस का?’ अनोळखी नंबरवरून असा मेसेज आला, तर चिडायची गरज नाही. पण ‘सध्या बिझी आहे’ असेही लिहू नका. कारण दिले की समोरच्याला ‘नंतर चालेल’ असे वाटते. एवढेच लिहा : ‘नमस्कार. मला ओळख वाढवायची नाही. कृपया पुन्हा मेसेज करू नका.’

मग गप्प राहा. चार मेसेज सोडून पाचव्याला रागाने जरी उत्तर दिले, तरी चिकाटीला फळ मिळते, हे तो शिकतो. अधूनमधून मिळणाऱ्या प्रतिसादाने लागलेली सवय उशिरा सुटते.

तरीही मेसेज येत राहिले, तर स्क्रीनशॉट काढून मगच ब्लॉक करा. स्पष्ट नकारानंतरही पुरुषाने स्त्रीशी वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. तिथे तुमचा तो साधा नकारच पुरावा ठरतो.