तेरा रुपये की एकशे पंच्याण्णव?

हक्कभागाची गणितं शिकवताना मी फळ्यावर रिलायन्सचा २०२० चा राइट्स इश्यू मांडते. दर १५ शेअरमागे १ नवा शेअर, भाव १,२५७ रुपये. बाजारभाव सोयीसाठी १,४६५ धरू. इश्यू जाहीर झाला तेव्हा तो याच्या आसपासच होता.

जुन्या १५ शेअरची किंमत २१,९७५ रुपये. त्यात नव्या शेअरचे १,२५७ मिळवले की २३,२३२. आता शेअर १६ झाले, म्हणून १६ ने भागायचं. उत्तर १,४५२, हाच हक्कानंतरचा भाव. घाईत मुलं इथे १५ ने भागतात आणि भाव वाढलेला दिसतो. स्वस्तातला शेअर मिसळल्यावर सरासरी वर कशी जाईल? तेवढं विचारलं की चूक त्यांची त्यांनाच सापडते.

हक्काचं मूल्य काढताना खरा घोळ होतो. एका जुन्या शेअरमागे भाव १,४६५ वरून १,४५२ वर आला, म्हणजे हक्काची किंमत १३ रुपये. पण डीमॅट खात्यात जो हक्क जमा होतो, तो एक अख्खा नवा शेअर घेण्याचा असतो. त्याची किंमत १,४५२ वजा १,२५७, म्हणजे १९५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण १३ गुणिले १५ म्हणजेच १९५. प्रश्नात ‘प्रति शेअर’ म्हटलंय की ‘प्रति नवा शेअर’, एवढं नीट वाचायचं.

आता १५० शेअर असलेल्या बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांची गुंतवणूक २,१९,७५० रुपयांची. दहा नवे शेअर घेतले तर १२,५७० भरावे लागतील आणि १६० शेअरचे १,४५२ प्रमाणे २,३२,३२० होतील. भरलेले पैसे वजा केले की पुन्हा २,१९,७५०. पैसे नसतील तर दहा हक्क १९५ ला विकून १,९५० मिळतील. उरलेले शेअर २,१७,८०० चे, बेरीज तीच. स्वस्तात मिळाले म्हणून फायदा नाही, आणि विकले म्हणून तोटाही नाही. त्यांनी काहीच केलं नाही तर मात्र हातात २,१७,८०० च राहतात. १,९५० रुपये गेले ते गेलेच.

बाजारात हक्क बरोबर १९५ लाच विकला जाईल असं नाही. रिलायन्सने अर्जासोबत फक्त चौथा हिस्सा, ३१४ रुपये २५ पैसे मागितले होते आणि उरलेले पैसे २०२१ मध्ये दोन हप्त्यांत घेतले. पैसे उशिरा भरायची सवलत असली की हक्काला त्याचीही किंमत येते, आणि ती आपल्या सूत्रात धरलेली नाही. शिवाय शेअरचा भाव रोज हलतो. तो १० रुपयांनी उतरला की हक्काचे १९५ चे १८५ होतात. शेअरमध्ये एक टक्क्याहूनही कमी घट, हक्कात पाच टक्के.

तारखाही वहीत लिहायला लावते. इश्यू ३ जूनपर्यंत खुला होता, पण हक्कांची खरेदी-विक्री २९ मे रोजीच थांबली. त्यानंतर बाजारात हक्क विकायचा रस्ता बंद. उरतं फक्त पैसे भरणं, मुदतीआधी बाजाराबाहेर तो दुसऱ्याच्या नावे करणं, नाहीतर तो सोडून देणं.